एका अंगाचा एक कागद

माझी आत्या एकतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करत होती. आधी कात्रीनं, मग इलेक्ट्रिक सुरीनं, आणि शेवटी संगणकापुढे बसून. कापड कसं कापायचं हे कागदावर आखून देणं हे तिचं काम होतं. कारखान्यानं तो विभागच बंद केला तेव्हा तिला थोडी रक्कम, एक पितळी स्मृतिचिन्ह आणि भाषण मिळालं. स्मृतिचिन्ह तिनं त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं. भाषणाबद्दल विचारलं तर म्हणाली, "माणूस चांगला होता गं, फक्त त्याची कॉलर बसत नव्हती. माझं सगळं लक्ष तिकडेच."

आत्या अशी आहे. समोरचा रडत असला तरी आधी त्याचे खांदे बघते.

आलेल्या रकमेतून तिनं एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आणि कामाला एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत होतं काय, तर एक खाट, दोन कपाटं, एक लांब टेबल, एक प्रिंटर आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. करार एका वर्षाचा होता. वर्षभरात खोलीनं स्वतःचं भाडं स्वतः कमवलं तर खोली राहणार, नाही तर आत्या आमच्याकडे राहायला येणार, हे घरात ठरलं होतं. आम्हाला ती यायला हवीच होती. तिला मात्र यायचं नव्हतं. "तुमच्याकडे मी पाहुणी असेन, आणि पाहुण्याला टेबल मिळत नाही," असं ती एकदा बोलली, आणि मग कुणी तो विषय काढला नाही.

धंदा असा: घरी शिवणाऱ्या बायका किंवा लहान शिंपी आमच्या वेबसाइटवर चौदा मापं भरतात. मी लिहिलेला प्रोग्रॅम त्या मापांचा शर्ट, फ्रॉक किंवा कोटाचा खाका काढतो. आत्या प्रत्येक खाका डोळ्यांखालून घालते, बाही जोडायच्या मुंढ्याचा बाक हातानं दुरुस्त करते आणि मग तो गिऱ्हाइकाला जातो. त्यांनी तो साध्या कागदांवर छापायचा, कडा जुळवून चिकटवायचा, कापडावर ठेवायचा आणि कापायचं. एका खाक्याला आत्याची वीस मिनिटं जातात. ही वीस मिनिटं मी त्या वेळी हिशेबात धरली नाहीत. संगणकाचं काम करणाऱ्या माणसाला इतरांची मिनिटं दिसत नाहीत, हा माझ्या स्वभावातला दोष आहे.

पैसे कसे घ्यायचे, यावर पहिल्याच आठवड्यात आमची जुंपली. मी म्हटलं, वर्गणी. महिन्याला दोनशे, हवे तितके खाके. आता सगळं जग असंच चालतं. बाबा म्हणाले, "ताई, कमिशन घे. शिंप्याचा शर्ट खपला की तुझा वाटा." आत्या म्हणाली, "मी आयुष्यभर तासाचे पैसे घेतले. मला यातलं काही कळत नाही. पण एक कागद द्यावा, एकाचे पैसे घ्यावेत, हे सरळ वाटतं."

"आणि कुणी तो कागद पुढे पाठवला तर?" मी विचारलं. "एक विकशील आणि शंभर फुकट वापरतील."

ती टेबलावरचे कागद आवरायला लागली. माझा आवाज मोठा होता. वर्गणी ठरली.

पहिल्या महिन्यात साठ जणी आल्या. मी इतकी खूश झाले की नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. दुसऱ्या महिन्यात एकोणीसच उरल्या. चौकशी केली तर एक बाई अगदी गोडपणे म्हणाली, "अहो, माझा शर्ट, नवऱ्याचा शर्ट, मुलीचे दोन फ्रॉक, सगळं पहिल्याच आठवड्यात घेतलं की. आता दर महिन्याला काय नवीन अंग आणू?"

जे टिकले त्यांनी वेगळाच ताप दिला. चौकापलीकडच्या दुकानातले एक मास्तर, मोठ्या मिशांचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे, त्यांनी एकच वर्गणी भरली आणि महिन्यात एक्केचाळीस गिऱ्हाइकांची मापं पाठवली. दोनशेत एक्केचाळीस खाके! आत्याचे चौदा तास त्यांच्यापायीच गेले. तिच्या नाकी नऊ आले, मानेला पट्टा लागला. मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. "हवे तितके" हे मीच लिहिलं होतं, तेही ठळक अक्षरात.

"जे थोडं घेतात ते सोडून जातात, आणि जे पोतं भरून घेतात ते राहतात," आत्या मान चोळत म्हणाली. "ही कसली गं तुझी वर्गणी?"

मी चिडले, कारण ती खरं बोलत होती. सहा-सात महिने रेटलेली वर्गणी आम्ही बंद केली, ज्यांचे दिवस शिल्लक होते त्यांचे पैसे परत केले आणि बाबांचं ऐकलं. मास्तर धरून तीन दुकानांशी ठरवलं की खाके फुकट घ्या, आणि शर्ट शिवून झाला की शिलाईतले पाच टक्के आम्हाला द्या. बाबा आठवडाभर छाती काढून फिरत होते.

दोन महिन्यांत दुकानांनी बावन्न खाके नेले. पैसे आले सात शर्टांचे. विचारलं की एकच उत्तर मिळायचं: "बाकीचे अजून शिवायचेत, मॅडम." कधी गिऱ्हाईक गावाला गेलेलं असायचं, कधी कापड आटलेलं. यातलं काही खरंही असेल. अडचण हीच होती की कळायला मार्गच नव्हता. शर्ट त्यांच्या दुकानात, पावती त्यांच्या गल्ल्यात, आणि आमच्या हातात फक्त त्यांचा शब्द. शिवाय एकदा कागद हाती आला की त्याच माणसाचे पुढचे दहा शर्ट त्यावर निघतात. त्यांचं आम्हाला काय कळणार?

वर्ष संपायला तीन महिने उरले होते. भाड्यासाठी साठवलेले पैसे जवळजवळ संपले होते. घरमालकिणीनं निरोप पाठवला की पुढचं काय ते लवकर कळवा, खोली बघायला माणसं येताहेत. आत्याची खोली माझ्या अतिशहाणपणापायी जाणार होती, बाबांनी नुसती भर घातली होती.

एक दिवस दुपारी आत्या दोन तास खोलीवर नव्हती. आली ती टेबलाशी उभीच राहिली, बसली नाही.

"कुठे होतीस?"

"मास्तरांच्या दुकानासमोर."

"पैसे मागायला?"

"मोजायला," ती म्हणाली. "हँगरवर शर्ट टांगलेत ना, ते मोजत होते. माझी कॉलर मला रस्त्यापलीकडून ओळखू येते. नऊ होते. त्यांनी मला दोनच शिवून झालेत असं सांगितलंय." मग म्हणाली, "त्यांनी वर बघितलं तशी मी खांबामागे लपले. एकतीस वर्षांत मी कुणापासून लपले नव्हते गं. माझीच कॉलर मी चोरासारखी बघत होते."

त्या मास्तरांवर ओरडून यावं असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्याच कानाखाली मारावी असंही. भांडले असते तरी उपयोग काय? पुढच्या महिन्यात ती पुन्हा खांबामागे उभी राहिली असती. प्रत्येक शर्टामागे कुणावर तरी पाळत ठेवायची, हे त्या कमिशनमध्येच होतं.

संध्याकाळी मी न विचारता वेबसाइट बदलली. एक खाका, दीडशे, एकदाच. कपडा अंगाला बसला नाही तर एक दुरुस्ती फुकट. महिन्याला सत्तर खाके गेले तर भाडं, वीज आणि वेबसाइटचा खर्च सुटणार होता. आत्याचं पोट तिच्या पेन्शनवर होतं. तिनं बघितलं आणि फक्त "हं" म्हणाली. मी आधी ऐकलं असतं तर नऊ महिने वाचले असते, हे ती बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर रोज बोलले असते.

दहाव्या दिवशी माझी भीती खरी ठरली. एका उंच, अरुंद खांद्यांच्या बाईनं शर्टाचा खाका विकत घेतला आणि शिवणकामाच्या ग्रुपवर चक्क टाकून दिला. वर लिहिलं, "मैत्रिणींनो, मस्त कटिंग, करून बघा." मी संतापानं लाल झाले. तिला काय लिहू आणि कसं लिहू याचे चार मसुदे केले. आत्यानं मोबाइल घेतला, तो खाका निरखून बघितला आणि हसायला लागली.

"हसतेस काय? बुडालो आपण!"

"अगं, बघ तरी. हे एका अंगाचं आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला कसं बसेल? थांब चार दिवस."

चार नाही, सहा दिवस लागले. पहिला फोन आला तो भांडायलाच. "अहो, हे कटिंग आहे की काय? मुंढा काखेत कापतोय! नवं कापड वाया गेलं माझं!"

"ताई, तुमची छाती किती?" आत्यानं शांतपणे विचारलं.

"बेचाळीस."

"आणि कागदाच्या कोपऱ्यात किती लिहिलंय?"

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. मग एकदम खालच्या पट्टीत, "चौतीस."

"मग तो बिचारा मुंढा तरी काय करणार?" आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या बाईनं तिथल्या तिथे आपली चौदा मापं सांगितली. पुढच्या आठवडाभरात अशा अकरा जणी तक्रार घेऊन आल्या आणि आठ जणी खाका घेऊन गेल्या. ज्या चोरीला मी वर्षभर घाबरले, तीच आमची फुकट जाहिरात करत होती. खाक्यावर आत्याचा नंबर होता, आणि न बसलेला शर्ट घालून बाई गप्प बसत नाही.

त्यानंतर मला आणखी एक गोष्ट कळली. वर्गणीशिवायही माणसं परत येतात. मुलं वाढतात, आणि लग्नानंतर नवऱ्यांची पोटं सुटतात. एक जण आजारातून उठला, अर्धा झाला होता. बायकोनं नवी मापं पाठवली आणि खाली लिहिलं, "आता हळूहळू वाढतील, तेव्हा परत घेईन." अंग बदललं की नवा कागद लागतो. मला हे सुचायला वर्ष लागलं, आत्याला बहुतेक कारखान्यातच माहीत होतं.

मास्तरही आले. जिना चढून, स्वतः. मिशा होत्या, आवाज नव्हता. "सरळ अंगं मीच कापतो," ते म्हणाले. "अवघड तेवढी तुम्ही द्या, ताई. पैसे आधी." आणि एकाची मापं पुढे केली. त्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन इंच खाली होता, आणि बटण लावलं की त्याच्या शर्टाला नेहमी घडी पडायची. आत्याचा चेहरा असा उजळला की मास्तर गोंधळून गेले. कारखान्यात एकतीस वर्षं तिनं मध्यम, मोठं आणि जास्त मोठं एवढंच कापलं होतं. तिथे माणसं नव्हती, आकडे होते.

"बसा मास्तर," ती म्हणाली. "त्या गिऱ्हाइकाला स्वतःलाच घेऊन आला असतात तर बरं झालं असतं. असा खांदा मापावरून नाही कळत, बघावा लागतो." हँगरवरच्या नऊ शर्टांचं तिनं नाव काढलं नाही. मास्तरांनीच जाताना जिन्यात खाली मान घालून उरलेल्या सात शर्टांचे पैसे मला दिले.

वर्ष संपायच्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी खाके गेले, त्याआधी सत्त्याहत्तर. आकडे मी तीनदा तपासले, कारण माझ्यावर आता माझाच भरवसा नव्हता. मग आत्याला सांगितलं, "खोलीचं भाडं सुटतंय तिचं तिच्यावर. आणि वर उरतंय."

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि घरमालकिणीला फोन लावला.

"मी बोलतेय, दुसऱ्या मजल्यावरची. हो, राहणार आहे. नाही, एका वर्षाचा नको. तीन वर्षांचा करा." पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "एकटीच," आत्या म्हणाली. "जागा पुरते मला."

फोन ठेवला आणि ती खुर्चीत न बसता भिंतीला टेकून सरळ जमिनीवर बसली. माझा जीव भांड्यात पडला होता, पण तिला तसं बघून मला रडूच आलं. इतके महिने तिनं एकदाही घाबरल्याचं दाखवलं नव्हतं, आणि मी ते खरं मानलं होतं.

"आत्या, तू घाबरली होतीस?"

"घाबरले म्हणजे काय," ती म्हणाली, "तुमच्याकडे यायचं म्हणून कपाटं रिकामी करून ठेवली होती मी." आणि मी तिला उठवावं म्हणून हसत हसत तिनं हात पुढे केला. मी तिला उठवायच्या ऐवजी तिच्या शेजारीच बसले.