रेसकोर्स, घोडा बोलतोय

वहिनींचा फोन आला तेव्हा मी चहात आलं किसत होते. दुपारचे सव्वाचार. ‘हॅलो’ म्हटलं, तर पलीकडून, ‘वन्सं, हे उठत नाहीयेत...’ एवढंच. मी गॅस बंद केला, उरलेला आल्याचा तुकडा डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला, कुलूप लावलं, ते ओढून पाहिलं. हैदराबादेत विद्यानगरहून मलकपेठला जाताना कुठल्या रस्त्यानं न्यायचं यावरून रिक्षावाल्याशी चांगली हुज्जत घातली, आणि जिंकलेसुद्धा. दादाच्या घरी पोचले तर खालच्या मजल्यावरचे डॉक्टर पायऱ्या उतरत होते. त्यांनी नुसती मान हलवली. जेवून आडवा झाला होता, झोपेतच गेला. सगळे म्हणाले, भाग्यवान, त्रास झाला नाही. मी पण मान डोलावली. आज सात आठवडे झाले, मला अजून नीट रडू आलेलं नाही. लोकांना वाटतं, सुमनबाई गणिताच्या मास्तरीण, कठोरच असणार. असू दे. वाटू दे.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, दत्ता. नामपल्लीला एका सरकारी कचेरीत तो टेलिफोन ऑपरेटर होता. उभा जन्म कानाला हेडफोन लावून बसला. दिवसाला शेकडो लोक त्याच्याशी बोलायचे आणि बहुतेक सगळे एकच शब्द बोलायचे, ‘हॅलो’. कचेरीच्या त्या टेलिफोन बोर्डावर त्यानं एकदाही विनोद केला नाही. ‘समोरच्याला साहेब पाहिजे असतो, मी नाही,’ म्हणायचा. ‘तो मनात वाक्य जुळवून आलेला असतो. आपण मध्ये काही बोललो की त्याचं वाक्य सांडतं.’ पण घरी आला की गडी वेगळाच. घरच्या फोनवर कोणी ओळखीचं ‘हॅलो’ म्हणालं, की हा गंभीर आवाजात, ‘मलकपेठ रेसकोर्स, घोडा बोलतोय.’ घर रेसकोर्सच्या जवळ, म्हणून तेवढं. आयुष्यात त्यानं शर्यत पाहिली नाही. विनोद काही फार थोर नव्हता हो. पण ठरलेला होता. आपण विचारायचं, ‘काय घोड्या, चणे खाल्ले का?’ मग तो म्हणायचा, ‘खाल्ले, आता बोल.’ तीन वाक्यांत खेळ खलास आणि लगेच कामाचं. तो चौथं वाक्य कधी होऊ द्यायचा नाही. दुसऱ्याचा वेळ खाणारा विनोद त्याला सहन होत नसे.

या घोड्यानं एकदा लाथ खाल्ली. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. समोरच्या बिल्डिंगमधल्या रेड्डी आंटींनी फोन केला. त्या नेहमी हसतमुख, दादाशी त्यांची चेष्टामस्करी रोजची. त्यांनी ‘हॅलो’ म्हटलं आणि दादानं त्याच्या हैदराबादी हिंदीत ठोकून दिलं, ‘हौ, रेसकोर्स. कौनसा घोड़ा होना?’ म्हणजे कुठला घोडा पाहिजे. पलीकडे काहीच आवाज नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज. दादा तसाच रिसीव्हर धरून उभा. मग एकदम म्हणाला, ‘सुमे, त्यांनी हॅलोच्या आधी श्वास घेतला होता गं,’ आणि अनवाणीच पळत सुटला. रेड्डी अंकल न्हाणीघरात पडले होते, डोक्याला खोक पडली होती. आंटी घाबरून दुसऱ्याच घरी फोन लावत बसल्या होत्या. अंकल वाचले, पुढे पुष्कळ वर्षं जगले, आंटींनीही कधी शब्दानं टोचलं नाही. पण दादानं स्वतःला माफ केलं नाही. ‘कचेरीत मी आधी ऐकतो, मग तोंड उघडतो. घरी उलटं केलं. गाढव आहे मी,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘घोडा ना रे?’ तर माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. ती वेळ नव्हती. मलाही तेव्हा ते कळायचं नाही.

त्यानंतर त्याचा नियमच झाला. हॅलो ऐकला की एक श्वासभर गप्प राहायचं. त्या एका श्वासात माणूस कळतं, म्हणायचा. हॅलो लांबवला, शेवटी आवाज वर गेला, तर माणूस रिकामं आहे, खुशीत आहे, खुशाल घोडा सोडावा. हॅलो तोडून म्हटला, किंवा आधी श्वास घेतला, किंवा लागोपाठ दोनदा म्हटला, तर घोडा तबेल्यात. अनोळखी आवाज असेल तर नाहीच नाही. त्याला काय माहीत आपण खेळतोय की खुळे आहोत! रोजच्या माणसानं आपलं पूर्ण नाव सांगितलं, तरी समजायचं की काहीतरी झालंय. आणि नेहमी दुपारी फोन करणाऱ्यानं सकाळीच केला, तर आधी ‘काय गं?’ एवढंच विचारायचं. मी हसायचे. दोन अक्षरांच्या शब्दाची केवढी ती शास्त्रोक्त चिकित्सा!

पण माझ्या मिनूच्या वेळी पाहिलं. मिनू माझी लेक, आता डॉक्टर आहे. पहिल्या खेपेला तिला मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा पोर खोलीतून बाहेर येईना. नातेवाईक फोन करून तिला हसवायचा प्रयत्न करत. एका काकांनी तर, ‘हॅलो, पेशंट कसा आहे?’ असं विचारलं, आणि तिनं फोन आपटला. दादा रोज फोन करायचा. तिचा हॅलो ऐकायचा, म्हणायचा, ‘मामा बोलतोय. जेवलीस?’ बस. मी एकदा म्हटलं, ‘अरे, तू तरी तिला घोडा ऐकव.’ तर म्हणाला, ‘नक्को. दुःख तिचं आहे ना? मग पहिला विनोद तिनं करायचा. आपण करून चालत नाही.’ आठ-दहा दिवसांनी मिनूनं फोन उचलला आणि ओढून म्हणाली, ‘हॅलोऽऽ, घोड्याला भूक लागलीय का?’ मग दादा फोनवर इतका हसला की त्याला ठसकाच लागला. त्या दिवशी पोर जेवायला आमच्यात येऊन बसली.

हे सगळं मला ठाऊक होतं. हे सगळं मीच तर लिहिते आहे. आणि तरीही...

तो गेला त्याच दिवशी सकाळी अकराला त्याचा फोन आला होता. त्याची वेळ दुपारची, जेवणानंतरची. मोबाइलवर ‘दादा घर’ असं आलं. मी मेथी निवडत होते, मजेत होते. उचलला. तो म्हणाला, ‘हॅलो.’ आखूड. सपाट. मी ऐकला, खोटं कशाला बोलू? माझ्या कानानं ऐकला होता. पण तोंड आधी सुटलं. मी त्याचाच आवाज काढून म्हटलं, ‘मलकपेठ रेसकोर्स, घोडा बोलतोय!’

पलीकडे एक श्वास.

मग तो म्हणाला, ‘काय घोड्या, चणे खाल्ले का?’ त्याच्या वाटचं वाक्य त्यानं बरोब्बर म्हटलं. मी म्हटलं, ‘खाल्ले, आता बोल.’ तो म्हणाला, ‘काही नाही गं. सहज केला.’ मग मीच पाच मिनिटं बोलत राहिले, मेथी किती महाग झाली, कामवाली येत नाही, सगळं. तो हं हं करत होता. ‘ठेवतो,’ म्हणाला. मी परत मेथीकडे वळले.

दादाची ऑपरेटरची एक सवय होती. घरच्या फोनशेजारी कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठकोऱ्यांचं पॅड असायचं. फोन करायच्या आधी काय बोलायचं ते तो त्यावर लिहायचा आणि बोलून झालं की त्यावर रेघ मारायचा. तेराव्याच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, मी तिथं बसले आणि ते पॅड उघडलं. वर सगळ्यावर रेघा. गॅस सिलिंडर, रेघ. पेन्शनचा दाखला, रेघ. शेवटची ओळ, ‘सुमी. छातीत चमक, डावा हात. मिनूला विचारणे.’ तिच्यावर रेघ नव्हती.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन आल्या. दादा गेल्यापासून त्यांनी दोनदा विचारलं होतं, ‘सकाळी तुमच्याशी काय बोलले हो ते?’ आणि दोन्ही वेळा मी ‘सहज’ म्हणून वेळ मारून नेली होती. आता पॅड त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. घोडा, चणे, मेथी... सगळं. म्हटलं, ‘वहिनी, तो सांगायला आला होता. मी त्याला बोलू दिलं नाही.’ त्यांनी ती ओळ वाचली, परत वाचली. मग पॅड होतं तिथं, होतं तसं ठेवलं. म्हणाल्या, ‘मी तर पलीकडच्या खोलीत होते, वन्सं. मला कुठं सांगितलं?’ त्यात राग होता की नव्हता, मला कळलं नाही. त्या पेला घेऊन आत गेल्या. पाणी मी प्यायलेच नव्हते.

मिनू म्हणते, ‘आई, त्यानं सांगितलं असतं तर कदाचित वाचला असता, कदाचित नसता. मला ठामपणे काहीच सांगता येत नाही.’ डॉक्टर आहे, खोटा धीर देत नाही. बरंच आहे. मला नकोच आहे तो.

तेव्हापासून मी रोज अकरा वाजता दादाच्या घरच्या फोनवर फोन करते. दुसरं काय करणार? वहिनी उचलतात, ‘हॅलो’ म्हणतात. आखूड, सपाट. मी श्वासभर थांबते, मग म्हणते, ‘सुमन बोलतेय. जेवण झालं का?’ त्या म्हणतात, ‘व्हायचंय.’ मग आम्ही ठेवून देतो. त्यांचा माझ्यावर राग असला तर तो त्यांना फोनवर तरी काढता यावा असं मला वाटतं, म्हणून एकही दिवस चुकवत नाही. पाच आठवडे हेच. मी कुठल्याही हॅलोला आता विनोद करत नाही. दूधवाल्याशीसुद्धा नाही.

परवा फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला. मी म्हटलं, ‘हॅलो.’

पलीकडे वहिनी एक श्वासभर गप्प राहिल्या. आयुष्यात या बाईनं कधी थट्टा केलेली मी ऐकली नाही. दादाच्या त्या घोड्याला कपाळाला हात लावायच्या. मग अगदी हळू, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा, त्या म्हणाल्या, ‘मलकपेठ रेसकोर्स... घोडा बाहेर गेलाय.’

मी थांबले. त्यानं शिकवलं होतं तसं, नीट ऐकलं. त्या रडत नव्हत्या. वाट पाहत होत्या.

‘चणे खाऊन गेला का?’ मी विचारलं.

‘हौ,’ वहिनी म्हणाल्या, ‘खाऊन गेला. आता बोला, वन्सं.’