कापलेल्या इंजिनातला पळा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टसाठी एका सिलिंडरचं, जड चाकांचं, विहिरीवरून पाणी ओढायचं जुनं डिझेल इंजिन घेतलं. एका शेतकऱ्याचं तसलं इंजिन बेरिंग जळल्यामुळे जऊळक्याला माझ्या मामांच्या गॅरेजात खोलून पडलं होतं. मी व्हर्नियरने त्याचा एकेक भाग मोजायची, वहीत उतरवायची आणि वाशीमला कॉलेजच्या लॅबमध्ये संगणकावर तो तयार करायची. असे सगळे भाग जोडता जोडता दोन महिने गेले.

पडद्यावरचं इंजिन पूर्ण झालं तेव्हा प्रोजेक्टचे सर म्हणाले, "छान. पण मला बाहेरून नुसती लोखंडाची पेटी दिसते. परीक्षकाला आतलं कसं दाखवशील?"

मी संगणकावरच मधोमध एक उभं प्रतल टाकून अख्खं इंजिन कापलं. आत सगळा राखाडी गोंधळ. चाकं फिरवणारा क्रँकही चिरला, त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉडही चिरला. कुठला भाग कुठं संपतो तेच कळेना.

"सगळं कापायचं नसतं," सर म्हणाले. "झाकणारं काप. फिरणारं, हलणारं अखंड ठेव."

मग मी समोरचा पाव भाग काढणारा काप दिला आणि कोणते भाग कापायचे ते निवडून दिलं: ब्लॉक, लायनर, हेड, क्रँककेस. क्रँक, रॉड, व्हॉल्व्ह तसेच ठेवले. पिस्टनचा मात्र एक कोपरा कापला, आतली पिन दिसावी म्हणून. कापलेल्या कडा लाल केल्या, समोरचं चाक पारदर्शक केलं. माऊसने क्रँक हळूच ओढला.

पिस्टन खाली आला. वरचा एक व्हॉल्व्ह उघडला. क्रँकचे दोन फेरे झाले तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक झाला. हा हिशोब मी पुस्तकातून पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण तो खरोखर घडताना पाहिला आणि मी क्रँक पुन्हा पुन्हा ओढत राहिले. आमच्या भाजीच्या मळ्यात लहानपणी मी ज्या इंजिनाचा आवाज ऐकत झोपायची, त्याच्या पोटात हे सगळं चाललेलं असायचं.

रविवारी लॅपटॉप घेऊन मी जऊळक्याला गेले. मामांनी हात पुसले, स्टूल ओढलं. मी पडद्यावर क्रँक फिरवून दाखवला.

"अजून एक बार फिरव," ते म्हणाले. मी फिरवलं.

"सारी जिंदगी इंजिनं खोलली बाई. खोललं तं बंद असते, चालू केलं तं झाकलेलं असते. आतून चालताना मी आजच पाह्यलं."

मग ते पडद्यावर वाकले. "पण या खालच्या बेरिंगले तेल कोन देऊन राह्यलं?"

"तेल खाली चेंबरमधी आहे ना मामा."

"खाली हाये. वर कसं चढन? पळा कुठी हाये?"

ते उठले आणि दुसऱ्या इंजिनाची रॉडची टोपी, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाला बसणारा अर्धगोल तुकडा, घेऊन आले. तिच्या खालच्या टोकाला चमच्यासारखी एक जीभ होती, तोच पळा. रॉड खाली आला की ती तेलात बुडते आणि तेल वर उडवते. मी मोजलेल्या टोपीवर ती नव्हतीच. तिथं नुसता बारीक उंचवटा होता, तो मी सरळ गुळगुळीत करून टाकला होता. मामांनी मी मोजलेली टोपी उजेडात धरली, उंचवट्यावरून अंगठा फिरवला.

"तुटला हाये," ते हळूच म्हणाले. "म्हनूनच याचं बेरिंग जळलं. अन् मले वाटे मालकानं तेल टाकलं नाही. त्याले बोललोही मी."

त्यांनी तिथूनच इंजिनाच्या मालकाला, त्या शेतकऱ्याला, फोन लावला. "भाऊ, चूक तुमची नोती," एवढंच बोलले.

मी पळा बसवला, चेंबरची भिंतही कापात घेतली, तेल पारदर्शक पिवळं केलं. आता प्रत्येक फेऱ्याला पळा तेलात बुडून बाहेर येऊ लागला.

प्रेझेंटेशनला मामा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंजिन तीनदा फिरवायला लावलं. मग पळ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे बहुतेक मुलं विसरतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी मागे बोट केलं. परीक्षकांनी मामांना पुढं बोलावलं. मामा पडद्याजवळ गेले, आधी जरा चाचरले, मग वऱ्हाडीत सांगू लागले: तेल कमी झालं तर आवाज कसा बदलतो, पळा वाकला तर काय होतं. मी क्रँक फिरवत होते आणि ते त्या फिरण्याबरोबर बोलत होते.

मला चांगले मार्क मिळाले. त्या फिरत्या इंजिनाचा व्हिडिओ मामांनी मोबाईलवर मागून घेतला. आता कुणी बिघडलेलं इंजिन आणलं, की ते पाना उचलण्याआधी त्याला जवळ बसवतात आणि म्हणतात, "पयले हे पाहा भाऊ, तुमच्या इंजिनाच्या आत काय चालते ते."