कापसाच्या तेजीवरचा माझा इंग्रजी निबंध

अमरावतीत एम.ए. करताना मी १८६०च्या दशकातल्या कापसाच्या तेजीवर इंग्रजीत निबंध लिहिला. त्यातली दोन पानं एका जुन्या मराठी पुस्तकाचं भाषांतर होती, पण लेखकाचं नाव मी कुठंच दिलं नव्हतं. कच्चा मसुदा वाचून आमच्या मूळच्या अकोल्याच्या मॅडमनी मला बोलावलं आणि ती दोन पानं पुढं ठेवली.

"मॅडम, इंग्रजी तर माहंच हाये," मी म्हणालो.

"भाषा बदलली तरी ती चोरीच होते, बेटा. लेखकाचं नाव, रोमन लिपीत मराठी शीर्षक, कंसात त्याचा इंग्रजी अर्थ आणि पान नंबर दे. अनुवाद तुझा आहे, हेही लिही."

"पण तुमी वळखलं कसं?"

"माझ्या वडिलांचं पुस्तक आहे ते," त्या हसून म्हणाल्या.

मग वडिलांच्या नावाचं स्पेलिंग त्यांनी मला एकेक अक्षर सांगितलं.