शेऱ्याचा रकाना

खुर्च्यांच्या कारखान्यात नोंदबाईंचं टेबल दाराशीच होतं. कोण कुठल्या कामावर, किती तास, कशाच्या संपर्कात, हे त्या रोज लिहीत. ही वही चाळीस वर्षं जपायची, कारण कॅन्सर म्हणजे काही सर्दी नव्हे, आज लागली आणि उद्या दिसली! तो वीस-तीस वर्षांनीही उगवतो.

मालकांमागे भुणभुण लावून बाईंनी बरंच बदलायला लावलं होतं. चिकटवायचं बेन्झीनवालं सोल्युशन गेलं, पाण्यातलं आलं. कामगार कुरकुरले, "वासच नाही, तर चिकटेल कसं?" ज्याने रक्ताचा कॅन्सर होतो त्या गोड वासासाठी मंडळी हळहळली! खुर्च्यांच्या लोखंडी पायांवरच्या चकचकीत प्लेटिंगमधलं, फुप्फुसाचा कॅन्सर करणारं षट्संयुजी क्रोमियमही गेलं. त्याचं कितीतरी कमी घातक त्रिसंयुजी भावंड आलं. मालक म्हणाले, "चमक जरा सावळी दिसते."

"पायच आहेत ना? त्यांचं लग्न लावायचंय का?" बाई म्हणाल्या.

लाकडाला मात्र पर्याय नव्हता, आणि त्याचा बारीक भुसा वर्षानुवर्षं नाकात गेला की नाकाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून यंत्रांना भुसा ओढणारे पंखे, तोंडाला मास्क आणि वर्षातून एकदा नाकाची तपासणी. इथेच सुतारकाका आडवे आले. घासायच्या यंत्रावर तीस वर्षं काढलेला माणूस, पण मास्कने मिशी मोडते आणि डॉक्टर नाकात नळी घालतो, म्हणून रोज सांगत, "मला बागेवर लिहा." कारखान्याच्या बागेत एकच कुंडी होती. बाई कामाच्या रकान्यात 'बाग' लिहीत आणि शेऱ्यात टोला हाणत: 'असं म्हणतात. मिशीत भुसा.'

तपासणीची यादी निघे कामाच्या रकान्यावरून. शेरा वाचतो कोण? ही चूक बाईंचीच. ती त्यांना उमगली तेव्हा काकांचं नाक तीन महिने एकाच बाजूने चोंदलं होतं आणि रक्तही येत होतं.

"उष्णता आहे," काका म्हणाले.

"उष्णता काय एकाच नाकपुडीत भाड्याने राहते?" बाईंनी त्यांना धरूनच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"माळी."

"साफ खोटं!" बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आदळला. डॉक्टर शेरे मोठ्याने वाचू लागले: 'बागेत, पण कानात भुसा.' 'आज कुंडीलाही पाणी नाही.' काका मिशीतल्या मिशीत हसले. मग नळी आत गेली आणि कुणीच हसेना.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण लहान होती. शस्त्रक्रियेनंतर काकांना वास येईनासा झाला, पण जीव राहिला. ते टेबलाशी येऊन म्हणाले, "ती बाग खोडा."

"खोडता येत नाही. खाली खरं लिहायचं आणि सही करायची."

काकांनी सही केली, पण पेन सोडलं नाही. "बाई, यंत्रावर आम्ही चौघं होतो. तिघं निवृत्त झाले. तेही बागेवरच लिहून घ्यायचे, माझं बघून. त्यातला एक मागच्या वर्षी गेला. घरचे म्हणाले, जुनी सर्दी होती."

बाईंना रडूच कोसळलं. डोळे पुसत त्यांनी फोन ओढला. "उरलेल्या दोघांचे नंबर सांगा," त्या म्हणाल्या.