शालीखाली राहून गेलेला अर्धा खेळ

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते पाथर्डीकडच्या आमच्या शाळेतले खेळाचे सर. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. माझा प्रवेशाचा फॉर्म सरांनीच भरून घेतला. त्यामुळे त्यांनी निवृत्तीनंतर गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवायला घेतल्यावर "एक पोरगी बघून जा" असा निरोप धाडला, तेव्हा मी लगेच गेलो. नगरच्या एका निवासी अकादमीसाठी मी खेळाडू शोधतो.

मैदानाच्या कडेला बसणार, तोच सरपंच आले. "पाव्हणं, खाली कशे बसता? तुमी आमच्या गावचं भूषण हाय!" मला मंडपात नेलं. शाल, नारळ, तिघांची भाषणं. मोकळा झालो तेव्हा पहिला अर्धा खेळ संपला होता. दुसऱ्या अर्ध्यात त्या तेरा वर्षांच्या मुलीने तीन गोल केले. मी टिपणात लिहिलं: "चांगली खेळाडू. वेग उत्तम. घ्यावी."

अकादमीच्या प्रशिक्षकांनी कागद परत केला.

"कुठल्या पायाची आहे?"

आठवेना.

"समोर कोण होतं? लहान पोरी का बरोबरीच्या? चेंडू गेल्यावर ती काय करते?"

मी टिपण पुन्हा वाचलं.

"चांगली आहे हे तिच्या आईनेही सांगितलं असतं. तुम्ही काय पाहिलंत?"

त्या शुक्रवारी अकादमीची निवडीची यादी बंद झाली. मुलीचं नाव त्यात नव्हतं. सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "तुला खेळ बघाया बोलवलं हुतं. नारळ न्यायला न्हाई." मला स्वतःची इतकी चीड क्वचितच आली असेल.

रविवारी पुन्हा गेलो आणि सरपंच दिसायच्या आत मैदानाच्या रेषेजवळ मांडी घालून बसलो. सर मोबाईलवर लांब मजकूर वाचत नाहीत, म्हणून अकादमीत प्रशिक्षकांना भेटून आल्यावर पत्र लिहिलं:

"सर, सा. न.

ती डाव्या पायाची आहे आणि तुम्ही तिला उजवीकडे खेळवता. चेंडू येण्याआधी दोनदा मान वळवून मागे पाहते. हे कुणी शिकवलेलं दिसत नाही. चेंडू गेला की दोन क्षण उभी राहते, मग धावते. रविवारी समोर दोन इयत्ता लहान मुली होत्या, म्हणून मी गोल मोजले नाहीत. मैदान उताराचं होतं, ती अनवाणी होती. डोक्याने चेंडू मारताना मी तिला पाहिलेलं नाही. बरोबरीच्या मुलींसमोर आणि बूट घालून ती कशी खेळते, तेही माहीत नाही.

हेच टिपण प्रशिक्षकांना दिलं. ते म्हणाले, 'आता बोलावता येईल.' पण उन्हाळ्यात, पुढच्या निवड चाचणीला. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार, हे तुम्ही सांगितलंत. टोळी कुठल्या कारखान्यावर उतरते ते कळवा. तोवर मी तिकडे जाऊन तिचा खेळ बघेन.

सरपंचांची शाल परत पाठवत आहे."