सुरतेचे आठ दिवस

नऊ वर्षं नंदुरबारच्या एका जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलून झाल्यावर आमच्या ह्यांना धडगावच्या कचेरीत कारकुनाची सरकारी जागा मिळाली. जिन सोडल्यापासून कचेरीत हजर होईपर्यंत वीस दिवस मोकळे होते. हे म्हणाले, आठ दिवस सुरतेला जाऊ, तिथून डुमसला, समुद्राकाठी धर्मशाळेत राहू, साठ रुपयांत भागेल.

माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन पैशांची सुपारी घेताना चारदा विचार करणारा माणूस, आणि साठ रुपये! कचेरीचा हुकूम इंग्रजीत होता, मला काय कळणार? खरंच नोकरी लागली, की जिनातून काढलं म्हणून तोंड लपवायला निघालेत? की सुरतेत दुसरंच कुणी आहे? शेवटी मी विचारलंच, "सुरतले तुमनं कोण शे?"

 हे म्हणाले, बरं, मग तू सांग कुठे आणि किती दिवस.

मी सांगितलं. चार दिवस, ब्राह्मणपुरीला माझ्या माहेरी, खर्च फक्त मोटारीच्या भाड्याचा. साठांतले पन्नासच्या वर रुपये मी डब्यात टाकले आणि मोठा शहाणपणा केला असं मला वाटलं. माहेरी नेमकी गव्हाची मळणी चालली होती. दिवसभर उफणणी, अंगणभर भुसा. हे खळ्याकडेच्या खाटेवर पडून खोकायचे. जिनातल्या कापसाचा खोकला तो, रोजचाच, मी कशाला कान देऊ? उलट माझं लक्ष पोस्टमनकडे, सुरतेहून काही येतंय का!

घरी परतल्यावर हे धुळ्याला सरकारी दवाखान्यात निघाले. मीही मागे लागले. कशाला जातात ते मला बघायचंच होतं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला सांगितलं, आणि श्वासाऐवजी खोकलाच आला. तब्येतीचा दाखला मिळाल्याशिवाय हजर होता येत नाही, हे मला तिथे कळलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता दाखला देता येणार नाही, धूळ टाळा, महिन्याने पुन्हा या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? हे म्हणाले, "सांगतू तर तू घाबरती. मन्हा छातीले आठ दिन जोयजे व्हतात."

समुद्राच्या हवेत खोकला बसवून मग दाखल्याला जायचं होतं ह्यांना, आणि मी भुशात नेऊन ठेवलं. लाज वाटली मला, भर रस्त्यात रडू आलं.

कचेरी महिनाभर थांबली नाही, जागा दुसऱ्याला गेली. दिवाळीनंतर हे परत त्याच जिनात, त्याच काट्यावर. पहिल्या आठवड्यात मी डबा उघडून ते पैसे ह्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, जा, सुरतेला जाऊन या.

ह्यांनी नोटा परत डब्यात ठेवल्या. "आते रजा कोण देई?" म्हणाले, आणि जेवायला बसले.