पंचवीसचं माप

“पंचवीस? ताई, पंचवीस आणलंत कुठून?”

“कुठून म्हणजे? हातात जे माप होतं त्यातून. पुस्तकात चोवीस औंस व्हिनेगर लिहिलंय, मी चोवीस मापं ओतली. आता मोजायलाही चुकते म्हण!”

“मोजणं चुकलं नाही हो, मापच चुकलं! चोवीस फ्लुइड औंस लिहिलेत. एक फ्लुइड औंस म्हणजे साडेएकोणतीस मिलीलीटर. तुमचं माप पंचवीसचं.”

“चार-साडेचार मिलीलीटरसाठी एवढा आरडाओरडा? अगं, तेवढं तर बाटलीच्या बुडाला चिकटून राहतं!”

“एका मापात साडेचार. चोवीस मापांत किती?”

थोरलीने मनात गुणाकार केला. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. शंभराच्या वर. एवढ्या बाटल्यांमधून शंभर मिलीलीटरपेक्षा जास्त व्हिनेगर गायब! तिने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

जिन्याखालच्या दोन खोल्यांत या दोघी जावांचं बाटल्यांचं काम चाले. भाज्या व्हिनेगरमध्ये मुरवायच्या, हवाबंद करायच्या आणि दुकानांना द्यायच्या. थोरलीचं अर्धं आयुष्य शाळेच्या कॅन्टीनमध्ये गेलं होतं. तिथे पावशेर, अर्धा किलो, किलो एवढ्यावर सगळं जग चालायचं. मधलं काही आलं की ती ते जवळच्या खुंटीला टांगून मोकळी व्हायची. कुणी वय विचारलं तर “पन्नास धर.” स्टेशन किती लांब? “दहा मिनिटं धर.” नवरा म्हणायचा, आमच्या हिने लग्नाची तारीखही पाचाच्या पटीत बसवून घेतली. त्यावर ती स्वतःच सगळ्यांत जास्त हसायची. पोरांची पोटं भरली होती, कुणाचं कधी बिघडलं नव्हतं. धर म्हटलं की धरलं जात होतं.

“आणि मिरच्या?” धाकटीने विचारलं. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. “भरलेल्या सिमला मिरच्या आणि लसूण. चार पौंड लिहिलेत. किती घेतल्यात?”

“दोन किलो.”

“ताई...”

“पौंड म्हणजे अर्धा किलोच की!”

“चारशे चौपन्न ग्रॅम. चार पौंड म्हणजे अठराशे चौदा. तुम्ही जवळजवळ दोनशे ग्रॅम मिरच्या जास्त घातल्यात आणि शंभरावर मिली व्हिनेगर कमी. मिरच्यांचं वर ओढलंत, व्हिनेगरचं खाली. एकच काही केलं असतं तर...”

“तर काय?”

धाकटीने पुस्तक थोरलीपुढे सरकवलं. परदेशातून दिराने पाठवलेलं ते जाडजूड पुस्तक, त्यावर तेलाचे डाग. पानाच्या तळाशी लाल चौकट होती. थोरलीने ती पहिल्याच दिवशी पाहिली होती आणि जाहिरात असेल म्हणून सोडून दिली होती.

“वाच तूच. माझा चष्मा...” चष्मा तिच्या नाकावरच होता.

“प्रमाण बदलू नका, असं लिहिलंय. आंबटपणा कमी पडला, तर हवाबंद बाटलीत विष तयार होऊ शकतं. वास येत नाही, रंग बदलत नाही. चवीवरून कळत नाही.”

फळीवर बाटल्या ओळीने उभ्या होत्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, वरून तेलाचा तवंग, किती देखण्या. काल त्यांच्याकडे बघून तिने धाकटीला म्हटलं होतं, अगदी वधूपरीक्षेला बसवल्यासारख्या दिसतात नाही! आज एकेक बाटली तिच्याकडे रोखून बघत होती.

“होऊ शकतं म्हणजे झालंच असं नाही ना?”

“नाही. पण झालं नसेलच असंही नाही. आंबटपणा तपासायच्या पट्ट्या आणल्यात ना मी, त्यातली एक बुडवली. रंग दोन चौकटींच्या मधला आला. मला काही कळत नाही, ताई. मी या फेकून देते.”

“फेक. सगळ्या फेक.” ही वेगळीच बाई बोलत होती. एरवी टोमॅटोचं देठ फेकलं तरी हिला लागायचं. “दुकानात अजून गेल्या नाहीत, देवाची कृपा.”

“दुकानात नाही गेल्या.”

दोघींनी एकाच वेळी फळीच्या डाव्या टोकाकडे बघितलं. तिथे दोन बाटल्यांची जागा रिकामी होती.

नणंद. परवा आली होती. सहावा महिना, आंबट दिसलं की हात पुढे. “वहिनी, या दोन माझ्या आणि माझ्या आतल्याच्या,” म्हणत तिने स्वतःच उचलल्या होत्या. आणि थोरलीने? थोरलीने वर काटा-चमचाही दिला होता, रिक्षात खायला.

“फोन लाव,” ती म्हणाली.

“लावतेच आहे केव्हाची. उचलत नाही.”

“परत लाव!”

फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. रिंग वाजत राहिली. थोरलीला वाटलं, समोरच्या वजनकाट्यावरचे आकडे बघत राहावं, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. काट्यावर शून्य होतं. त्या शून्याच्या बाजूला आणखी एक पुसट शून्य. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. काचेलाच तेल लागलं असेल.

“हॅलो? काय गं वहिनी, एवढे फोन? झोपले होते.”

“अगं, त्या मिरच्या... खाल्ल्यास का?”

“खाल्ल्यास का काय विचारतेस! एक बाटली फस्त. दुसरी लपवून ठेवलीय, नाहीतर सासूबाई...”

“हात लावू नकोस! त्या बाटलीला हात लावू नकोस, कुणाला देऊ नकोस!” थोरलीचा आवाज फाटला. धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोनकडे वाकली.

“वन्सं, नीट ऐका. घास गिळताना त्रास होतोय? पापण्या जड होतायत? एकाचे दोन दिसतायत?”

नणंद हसली, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं. “पापण्या तर रोजच जड असतात आता. तुम्ही मला घाबरवताय का दोघी?”

“आवरून बस. हॉस्पिटलात जायचंय, मी येते,” थोरली म्हणाली. “बाटली बरोबर घे. रिकामीसुद्धा. धुऊ नकोस.”

फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण “येते” म्हणालो, “दहा मिनिटं धर” म्हणालो नाही. त्या घरापर्यंत नेमका किती वेळ लागतो, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच अचूक हवं होतं आणि ठाऊक नव्हतं.

तिने पिशवी घेतली. पुस्तक टाकलं, फळीवरची एक बाटली फडक्यात गुंडाळून टाकली, डॉक्टरांना दाखवायला. घोट गिळायचा प्रयत्न केला. घसा कोरडा होता. भीतीने कोरडाच पडतो घसा, पडतोच.

धाकटी बाकीच्या बाटल्या खोक्यात भरत होती. अचानक तिचा हात थांबला. ओट्याच्या कोपऱ्यात एक बाटली वेगळी होती, झाकण उघडलेली, गळ्याच्या खालपर्यंत रिकामी झालेली. शेजारी चमचा. थोरलीचा शिरस्ता तिला माहीत होता. कॅन्टीनमध्ये पोरांना वाढायच्या आधी ताई स्वतः खायची, आणि इथेही प्रत्येक खेपेची पहिली बाटली तीच उघडायची. आपण खाल्ल्याशिवाय दुसऱ्याच्या पानात घालायचं नाही.

“ताई,” धाकटी उठली. “ताई, थांबा. तुम्ही केव्हा खाल्लंत? किती खाल्लंत? ताई, तुम्हाला नीट दिसतंय ना?”

थोरलीने चौकटीला हात लावला. उंबरठ्याची कड एक होती की दोन, हे चाचपत पाय बाहेर टाकला, आणि ती निघून गेली.